फोटोवरून नवरीची केशरचना निवडताना

मोबाईलमधली जाड वेणी आपल्या केसांची होईलच असं नाही. त्यात बऱ्याचदा गंगावन असतं.

१. केस धुऊन, वाळवून, तेल न लावता तीन फोटो काढा: समोरून केस मागे घेऊन, बाजूने, आणि पाठीमागून मोकळे सोडून.
२. पोनी बांधून रबराजवळ दोरा गुंडाळा आणि मोजा. २ इंचांपेक्षा कमी म्हणजे विरळ, ४ च्या वर म्हणजे दाट.
३. नमुन्याचे फोटो शोधताना चेहऱ्याआधी लांबी आणि दाटपणा जुळवा. वेणीत लांबी बरीच खाते, हे विसरू नका.

समजा केस खांद्यापर्यंत, पोनीचा घेर २ इंच, चेहरा गोल. मग लांब वेणीचा हट्ट सोडा. आत स्पंजचा गोल डोनट घालून मानेवर खालचा अंबाडा, टाळूवर थोडा उठाव. त्याने चेहरा लांबट दिसतो. गालांशी फुगवटा आला की उलट रुंद. मुंडावळ्यांची गाठ अंबाड्याच्या वर नीट बसते. नागपुरात मे महिन्यातलं लग्न असेल तर मोकळ्या बटा नकोतच, घामाने मानेला चिकटतात.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेल्या केसांतून पिना निसटतात आणि गजऱ्याच्या वजनाने अंबाडा खाली येतो.