आईवडिलांचा व्यवहार त्यांच्याच हाती ठेवून सुरक्षित कसा करावा

पासबुके, ठेवींच्या पावत्या आणि नॉमिनीच्या नोंदी आईवडिलांना स्वतःच्या हस्ताक्षरात एका वहीत उतरवायला सांगा. हे एका दुपारचे काम आहे.

एखाद्या ठेवीवर तुमचेही नाव असावे असे त्यांना वाटत असेल, तर पहिले नाव त्यांचे ठेवून ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ हा पर्याय निवडा. त्यामुळे ते हयात असेपर्यंत व्यवहाराचा अधिकार एकट्या त्यांच्याकडे राहतो आणि पश्चात तो तुमच्याकडे येतो. बचत खात्यासाठी सर्रास सुचवल्या जाणाऱ्या ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये तुम्हीही परस्पर पैसे काढू शकता, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितल्याशिवाय त्यांची सही घेणे मला अयोग्य वाटते.

खरी कसोटी मोबाइलवरच्या व्यवहारांची आहे, आणि तिथे मी स्वतः चुकलो. वडिलांची फसवणूक होऊ नये म्हणून मी त्यांचा यूपीआय पिन ठरवला, प्रत्येक खर्चाचे कारण विचारू लागलो आणि एकदा चुकीच्या माणसाला पैसे गेले तेव्हा चारचौघांत बोललो. पुढे त्यांची खरोखर फसवणूक झाली, तेव्हा त्यांनी ती मला नऊ दिवसांनी सांगितली, कारण मी फोन काढून घेईन अशी त्यांना भीती वाटत होती. अशा प्रकरणात पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते, त्यामुळे माझ्या धाकाने झालेले नुकसान भामट्याने केलेल्या नुकसानाइतकेच मोठे होते. ‘आईवडिलांचा पिन तुमच्याकडेच ठेवा’ हा मुलांना दिला जाणारा सल्ला म्हणूनच मला मुळीच मान्य नाही.

त्याऐवजी आईसाठी मी दोन बँकांची व्यवस्था केली. निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवी पहिल्या बँकेत आहेत. त्या खात्याचे ॲप तिच्या फोनवर नाही, ते यूपीआयला जोडलेले नाही आणि त्याचे डेबिट कार्ड कपाटात असते. दुसऱ्या बँकेत एक साधे बचत खाते आहे, ज्यात पहिल्या खात्यातून दर महिन्याच्या 1 तारखेला स्थायी सूचनेने 10,000 रुपये जमा होतात. यूपीआय फक्त याच खात्याला जोडले आहे, पिन तिचा आहे आणि त्या पैशांचा हिशेब मी विचारत नाही. रक्कम तिने ठरवली. मी अधिक सुचवली होती.

दोन्ही खाती एकाच बँकेत ठेवली तर हा उपाय निरुपयोगी ठरतो. बँकेच्या ॲपमध्ये ठेवीही दिसतात आणि अनेक बँकांत त्या तिथूनच मोडता येतात. म्हणजे ज्याच्या हाती ॲप लागले, त्याच्या हाती आयुष्यभराची बचत लागली. दुसऱ्या खात्याला ठेवीतून आपोआप पैसे ओढणारी ‘स्वीप’ सोयही नसावी, हे शाखेत विचारून खात्री करा. तरीही एक फट उरते: दोन्ही बँकांत एकच मोबाइल क्रमांक असेल, तर कार्डाचा तपशील किंवा आधारचा ओटीपी मिळवून कोणी पहिले खातेही यूपीआयला जोडू शकतो. म्हणून कार्डाचे आकडे आणि ओटीपी कोणालाही न सांगणे हा नियम या व्यवस्थेतही सुटत नाही.

काही महिन्यांनी आईला फोन आला की बिल थकल्यामुळे आज रात्री वीज तोडली जाईल, तेव्हा पाठवलेले ॲप उतरवून घ्या. तिने ते उतरवले, फोनचा पडदा समोरच्याला दिसू लागला आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून तिने पिन टाकताच खात्यातले 7,200 रुपये गेले. त्या खात्यात तेवढेच होते. तिने दहा मिनिटांत मला फोन केला. मी तिला मोबाइलचे इंटरनेट बंद करायला सांगितले, तिच्याबरोबर 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला कळवून खाते गोठवले आणि ते ॲप काढून टाकल्यावरच नवा पिन तिने स्वतः ठरवला. त्या संध्याकाळी ‘असे कसे केलेस’ हा प्रश्न मी विचारला नाही, आणि तुम्हीही विचारू नये.

पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. स्थायी सूचनेची रक्कम वर्षातून एकदा त्यांना विचारून बदला.