तीन मजली इमारतीची परांची: माणूस वर चढण्याआधीची रोजची तपासणी

परांची उभी राहते त्या दिवशी ती बहुधा ठीकच असते. बिघडते ती नंतर, आणि बिघडवतात तिच्यावर काम करणारेच. गवंड्याला खिडकीच्या कडेचं प्लास्टर संपवायचं असतं, म्हणून आड येणारा पाईप तो सोडवतो. वरच्या लेव्हलला फळ्या कमी पडल्या की बिगारी खालच्या उचलून वर नेतो. प्लंबर ड्रेनेजची चर खणतो ती नेमकी परांचीच्या पायापासून हातभर अंतरावर. प्रत्येकाला आपलं काम उरकायचं असतं, आणि संध्याकाळी कोणी कोणाला काही सांगत नाही. त्यामुळे रोज सकाळी शोधायचं असतं ते एवढंच: काल सकाळपासून इथे काय बदललं?

उदाहरणासाठी तळमजला अधिक दोन मजल्यांचा एक बंगला घेऊ. दर्शनी भिंत 12 मीटर लांब, उंची सुमारे 10 मीटर, बाहेरचं प्लास्टर चालू. कपलॉकची, म्हणजे सांध्यावरचा कप फिरवून पाईप आवळायची, दुहेरी परांची, रुंदी 1 मीटर, दर 2 मीटरवर उभा पाईप. म्हणजे एका रांगेत सात आणि दोन्ही रांगांत मिळून चौदा पाय. रविवारी सुट्टी होती, रात्री जोराचा पाऊस झाला. सोमवारी साडेआठला माणसं येणार. तपासणाऱ्याने आठला पोहोचावं. अर्धा तास पुरतो, पण तो माणसं येण्याआधीचा हवा. सगळे हेल्मेट घालून खाली उभे राहिले की ‘चला, ठीक आहे’ म्हणायची घाई होते.

तपासणी कोण करणार, हे आधीच ठरलेलं असावं. मुकादम, सुपरवायझर किंवा परांची बांधणारा मिस्त्री, कोणीही चालेल, पण त्याला परांची बांधता यायला हवी आणि काम थांबवायचा अधिकार हवा. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याखालच्या नियमांनीही परांची जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली बांधायला सांगितलं होतं. ज्याच्या डोक्यावर आजच्या प्लास्टरच्या चौरस फुटांचा हिशेब आहे, त्याच्याकडे हे काम देऊ नये असं माझं मत आहे.

आधी लांबून पाहा

रस्त्याच्या पलीकडे जाऊन एकदा समोरून आणि एकदा बाजूने पाहा. इमारतीचा कोपरा सरळ उभा असतो, त्याच्याशी पाईपची रेघ ताडून बघा. वर जाता जाता अंतर वाढत असेल तर परांची भिंतीपासून सुटते आहे. मधलाच एखादा आडवा पाईप खाली झोकलेला दिसला तर त्याच्या खालचा पाय खचला आहे. शंका आली तर ओळंबा लावा. तिरपे पाईप खालपासून वरपर्यंत सलग आहेत ना, हेही इथूनच कळतं. ट्रॉली आत घ्यायला तळाचा तिरपा पाईप काढून बाजूला टेकवून ठेवलेला असणं ही नेहमीची गोष्ट.

जाता जाता वीजवाहिनीही पाहा. परांची, आणि त्यावर हाताळला जाणारा सहा मीटरचा पाईप धरून, उघड्या तारेपासून किमान तीन मीटर अंतर राहायला हवं. तेवढं राहत नसेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय त्या बाजूला काम नाही.

मग पाय, एकेक करून

चौदाच्या चौदा पाय वाकून पाहा. उभ्या पाईपखाली बेस प्लेट किंवा जॅक, त्याखाली जाड फळी आणि फळीखाली घट्ट जमीन, असा क्रम हवा. विटेचा तुकडा, ब्लॉक, पत्र्याचा डबा यातलं काहीही चालत नाही. वीट वरून धडधाकट दिसते आणि भार बदलला की फुटते.

फळी कशाला, ते एका हिशेबात कळतं. समजा एका पायावर 500 किलो भार आला. बेस प्लेट 15 बाय 15 सेंटिमीटरची, म्हणजे 225 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून जास्त दाब झाला. जोत्याभोवती नुकतीच भरलेली, पावसाने भिजलेली माती हा दाब सोसत नाही. तीच प्लेट 22 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब फळीवर ठेवली आणि त्या फळीवर दोन पाय आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 1650 चौरस सेंटिमीटर येतात. दाब 0.3 किलोवर उतरतो. काळ्या मातीत तर फळीशिवाय पाय उभा करूच नये. ती माती पाण्याने फुगते आणि मऊ पडते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही.

आता खरी खूण. जॅकची नट हाताने फिरवून पाहा. पायावर भार असेल तर ती हलत नाही. सहज फिरली तर पाय लटकलेला आहे, त्याचा भार शेजारच्या दोन पायांवर गेला आहे. डोळ्याला तिथे काहीच दिसत नाही, प्लेट फळीला टेकलेलीच असते.

आपल्या उदाहरणात बाहेरच्या रांगेतल्या पाचव्या पायाची नट फिरली. त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर ड्रेनेजची चर आहे, शनिवारी खणलेली, आणि रात्रीच्या पाण्याने तिची कड ढासळली आहे. इथे नट पिळून पाय टेकवला की झालं, असं वाटतं. पण तेवढ्याने कारण जात नाही, दुपारपर्यंत कड आणखी बसेल. चर आधी थराथराने भरून धुमसली पाहिजे, त्यावर लांब फळी टाकली पाहिजे आणि मग नट घट्ट केली पाहिजे. तोवर वर कोणी नाही.

बांध मोजा

परांची भिंतीला धरून ठेवणारे बांध, साइटवर कोणी ‘टाय’ म्हणतं, हे तपासणीतलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त चुकवलं जाणारं काम आहे. तळाच्या रुंदीच्या चौपटीपेक्षा उंच परांची स्वतःच्या पायावर उभी राहील असं धरत नाहीत. आपली 1 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच आहे. ती उभी आहे ती बांधांच्या जिवावर. त्यावर हिरवी जाळी लावली असेल तर वारा तिला शिडासारखी धरतो, आणि वळवाच्या पावसाआधीचा वारा कुठूनही येतो.

बांध कसे असावेत? खिडकीतून पाईप आत नेऊन आतल्या बाजूला भिंतीला टेकणारा आडवा पाईप कपलरने आवळतात, किंवा आरसीसी कॉलमभोवती चौकट करतात. दोन्ही चांगले. ग्रिलला, पावसाच्या पाण्याच्या पाईपला किंवा कठड्याला तारेने बांधलेलं काही असेल तर ते मोजूच नका. अंतर उभ्यात साधारण चार मीटर आणि आडव्यात सहा मीटर धरतात, जाळी असेल तर त्याहून जवळ. 12 मीटरच्या भिंतीला पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर प्रत्येकी तीन, म्हणजे किमान सहा बांध.

परांची उभी राहिली त्या दिवशी प्रत्येक बांधाला लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि आकडा वहीत लिहा. मग सकाळी खालून फक्त लाल पट्टे मोजायचे. आपल्याकडे सोमवारी पाच भरले. पहिल्या मजल्यावरच्या मधल्या खिडकीतला बांध गेला, आणि खिडकीची कड मात्र छान गुळगुळीत झाली आहे. त्या मजल्यावर आता उरलेल्या दोन बांधांमध्ये जवळजवळ दहा मीटर मोकळे.

गवंड्याला रागावून उपयोग नाही, त्याला कड करायचीच होती. क्रम उलटा हवा होता: शेजारच्या बाल्कनीच्या कॉलमला नवा बांध आधी घालायचा, मगच खिडकीतला सोडायचा, आणि हे काम परांचीवाल्यानेच करायचं. आज तो नवा बांध बसेपर्यंत परांची बंद. तो बसवायला चढणाऱ्यानेही हार्नेस लावून त्याचा हूक इमारतीच्या पक्क्या भागाला अडकवायचा, परांचीला नाही.

तळ आणि बांध ठीक असतील तरच वर

आता तपासणारा एकटा चढतो, शिडीने. शिडी चारास एक उतारात हवी, म्हणजे चार मीटर उंचीला पाय एक मीटर बाहेर. वरचं टोक बांधलेलं आणि लेव्हलच्या वर मीटरभर निघालेलं असावं, नाहीतर उतरताना हाताला धरायला काही राहत नाही. शिडी गायब असेल तर लोक आडव्या पाईपांवरून चढणार, हे गृहीत धरा.

प्रत्येक लेव्हलला कपलॉकचे सांधे पाहा. वरचा कप खाली सरकून खिळीखाली फिरून घट्ट बसलेला असला पाहिजे. हातोडीने हलकं ठोकलं की आवळलेला सांधा भरीव वाजतो, सैल खडखडतो. कपात वाळलेला मसाला अडकला की पाईपचं पातं पूर्ण बसत नाही. प्लास्टरच्या कामात हे सतत होतं, म्हणून खिळा आणि तारेचा ब्रश खिशात ठेवा.

फळी किंवा लोखंडी चाली तीन ठिकाणी फसवते. टोक टेकणाच्या बाहेर पाच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर घसरते, पंधराच्या बरंच पुढे असेल तर त्यावर पाय पडताच उलटते, आणि मधोमध उभी चीर असेल तर ती मसाल्याच्या थराखाली दिसतच नाही. फळी उलटी करून पाहा. कामाच्या लेव्हलला बाहेरच्या बाजूला मीटरभर उंचीचा कठडा, त्याच्या मध्ये एक आडवा पाईप आणि पायाशी 15 सेंटिमीटरची उभी पट्टी हवी. पट्टी खालून जाणाऱ्यासाठी असते, थापी आणि विटेचा तुकडा तीच अडवते. भिंत आणि फळी यांतलं अंतर वीतभराच्या पुढे गेलं की तिथेही माणूस पडू शकतो.

माल किती आहे तेही पाहा. मध्यम कामाच्या परांचीवर दर चौरस मीटरला 200 किलो धरतात. आपला एक गाळा, म्हणजे चार उभ्या पाईपांमधली जागा, 2 बाय 1 मीटरचा, म्हणजे 400 किलो. दोन माणसं 140 किलो आणि सहा भरली घमेली सुमारे 150 किलो, इथपर्यंत ठीक. पण शनिवारी सिमेंटच्या आठ गोण्या एकाच गाळ्यात चढवून ठेवल्या असतील, तर माणूस चढण्याआधीच 400 किलो पुरे झाले. पुरवठादाराने याहून कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा.

बांबूची परांची असेल तर पाय आणि बांध तसेच पाहा, पण सुंभाच्या गाठींवर जास्त वेळ द्या. सुंभ ओला असताना आवळतो आणि वाळताना सैल पडतो. त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडलेला दुसरा दिवस जास्त धोक्याचा. गाठीजवळ बांबूला उभी फट आहे का, आणि बुडाशी भुसा पडला आहे का, तेही बघा.

पाटी आणि वही

सगळं नीट असेल तर शिडीशी हिरवी पाटी, तारीख आणि सही. नसेल तर लाल पाटी लावा आणि शिडी उचलून कुलपात ठेवा, कारण नुसती पाटी कोणी वाचत नाही. वहीत ‘तपासले, ठीक’ असं लिहू नका. ‘पाय 5 बाहेरचा सैल, चर भरली. बांध 6 पैकी 5, नवा बाल्कनीच्या कॉलमला 10.15 वाजता’ असं लिहा. उद्या येणाऱ्याला कुठे आधी बघायचं ते त्यातून कळतं. दिवसा मध्येच जोराचा पाऊस किंवा वादळ झालं, ट्रक परांचीला घासला, किंवा कोणी एकही पाईप हलवला, तर हिरवी पाटी काढायची आणि पुन्हा पायांपासून सुरुवात करायची.