‘किंवा अन्य प्रकारे’ दिसलं की लगेच लॅटिन काढू नका

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या अशिलाचा एक गाळा होता. नियम असा, की गाळा विकला, भाड्याने दिला, गहाण टाकला ‘किंवा अन्य प्रकारे’ दुसऱ्याच्या ताब्यात दिला तर वाटप रद्द. अशिलाने भाच्याला बसवलं होतं, कागद काहीच नव्हता. मी एजस्डेम जेनेरिस मांडलं, म्हणजे यादीनंतर येणारा सर्वसाधारण शब्द आधीच्या शब्दांच्या जातीपुरताच वाचायचा हा अर्थ लावण्याचा नियम, आणि वर लीलावतीबाई विरुद्ध मुंबई राज्य हा 1957 चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ठेवला. या लॅटिन नियमाचं नाव टाकून शोधल्यावर तोच पहिला आला होता.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, “या शब्दांची जात कोणती?”

“कागदोपत्री व्यवहार, साहेब.”

“कागद हा शब्द नियमात कुठे आहे?”

तेवढ्यात समोरच्या वकिलांनी मीच दिलेल्या निवाड्यातला परिच्छेद वाचून दाखवला. न्यायालयाने तिथे हा नियम *नाकारला* होता. आजही तो क्षण आठवला की कान गरम होतात.

म्हणून तो निवाडा नीट सांगतो. 1948 च्या मुंबई जागा अधिग्रहण कायद्यात जागा ‘रिकामी’ कधी समजायची, याचं स्पष्टीकरण होतं: भाडेकरार संपल्याने, निष्कासनाने, हक्क दुसऱ्याला दिल्याने वा इतर रीतीने हस्तांतर केल्याने ‘किंवा अन्यथा’ भाडेकरूचा ताबा सुटला तर. युक्तिवाद असा, की ‘अन्यथा’ आधीच्या शब्दांच्या जातीपुरतंच वाचावं. न्यायालय म्हणालं, भाडेकरूचा ताबा जाण्याच्या नेहमीच्या वाटा आधीच्या शब्दांत येऊन गेल्या. मग ‘अन्यथा’ कशासाठी? उरलेल्या प्रसंगांसाठी, उदाहरणार्थ तिऱ्हाइताने घुसखोरी केल्यामुळे भाडेकरूचा ताबा गेला तर. म्हणजे ते शब्द मर्यादा घालायला नाहीत, व्याप्ती वाढवायला आहेत. माझ्या गाळ्याचंही तेच होतं. मूळ गाळेधारकानेच धंदा करावा, हा नियमाचा हेतू होता. भाच्याला बसवणं त्या हेतूच्या थेट आड येत होतं.

अमरचंद्र चक्रवर्ती (1972) या निवाड्यात एजस्डेमच्या पाच अटी दिल्या आहेत. विशिष्ट शब्दांची यादी हवी, त्यांची एक जात बनायला हवी, ती जात यादीतच संपलेली नसावी, सर्वसाधारण शब्द यादीच्या नंतर यावा आणि कायद्याचा हेतू वेगळा दिसत नसावा. पाठ सगळ्यांनाच असतात. मी पहिली आणि चौथी पाहून उठलो होतो. बुडवतात मात्र दुसरी, तिसरी आणि पाचवी. आता मी सर्वसाधारण शब्दावर बोट ठेवतो आणि उरलेल्या यादीची जात एका नामात पेन्सिलीने लिहितो. ते नाम आपल्या अशिलाच्या सोयीसाठी घडवावं लागलं, माझ्या ‘कागदोपत्री’सारखं, तर मुद्दा सोडा.

नॉसिटर अ सोसिइस, म्हणजे शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून लावायचा नियम, हे याचंच मोठं घर. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. एजस्डेमला वाण लागतो. नॉसिटरला नुसता गुण पुरतो, शेवटी ‘इतर’ असण्याचीही गरज नाही. पंजाबच्या विक्रीकर अनुसूचीत एक नोंद होती: सौंदर्यप्रसाधने, सुगंधी द्रव्ये आणि प्रसाधनसामग्री; टूथपेस्ट, दंतमंजन, कुंकू व साबण वगळून. धूप-अगरबत्ती ‘सुगंधी द्रव्यां’त धरून कर लावला गेला. नुसता शब्द पाहिला तर अगरबत्तीला सुगंध असतोच! पण प्रदीप अगरबत्ती (1997) मध्ये न्यायालयाने डावी-उजवीकडचे शब्द पाहिले. ते सगळे अंगाला लावायच्या वस्तूंचे आहेत, तेव्हा मधला शब्दही तसाच वाचायचा. अगरबत्ती कोणी अंगाला लावत नाही, म्हणून ती बाहेर. (वगळलेल्या वस्तू बघा, त्याही दात, कपाळ आणि अंगाच्याच. माझ्या मते असा मजकूर मिळाला तर निम्मा युक्तिवाद तयार असतो.)

हा निवाडा वाचून हुरळू नका, मात्र घाबरण्याचंही कारण नाही. नवख्याची चूक साहेब माफ करतात. न वाचलेला निवाडा पुढे केलेला मात्र लक्षात ठेवतात. शीर्षटीपेवर निवाडे पुरवणाऱ्या सिनियरपेक्षा “कलम आधी मोठ्याने वाच” म्हणून खेकसणारा सिनियर बरा, असं माझं ठाम मत आहे.

शेजारी पाहूनही शब्द आखडत नाही, असंही होतं. मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा (1960) मध्ये सरकारने ‘उद्योग’च्या व्याख्येतले रुंद शब्द शेजाऱ्यांच्या मापाने कापायला सांगितले होते, म्हणजे रुग्णालय बाहेर राहील. न्या. गजेंद्रगडकरांनी ते मानलं नाही: विधिमंडळाने जाणूनबुजून रुंद शब्द वापरला असेल तिथे हा नियम चालत नाही. गाळ्याच्या नियमातला ‘अन्य प्रकारे’ तसाच होता. अशिलाने अखेर भाच्याला उठवलं आणि पुढची तारीख येईपर्यंत स्वतः गल्ल्यावर बसला.