मॅट क्रेडिट: पूर्ण वापरता येतेच असे नाही

मॅट म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान पर्यायी कर: आयकर कायदा 1961, कलम 115जेबी, 31 मार्च 2026 पर्यंतच्या वर्षांसाठी. अधिभार व उपकर बाजूला ठेवून हे उदाहरण पाहा. 2023-24 मध्ये कंपनीचा पुस्तकी नफा 1 कोटी, म्हणून 15 टक्क्यांनी मॅट 15 लाख. नेहमीचा कर 10 लाखच, त्यामुळे भरायचे 15 लाख आणि जादा भरलेले 5 लाख पुढच्या वर्षांसाठी क्रेडिट.

2024-25 मध्ये नेहमीचा कर 18 लाख, मॅट 14 लाख. चूक इथेच होते: 5 लाख सरसकट वजा केले जातात. वजावट फक्त फरकाएवढी, म्हणजे 4 लाख. भरायचे 14 लाख. उरलेला 1 लाख पुढे जातो, त्यावर व्याज मिळत नाही.

पुस्तकी नफा काढताना आयकराची तरतूद, स्थगित करासह, नफ्यात परत जोडायला विसरू नका. आणि या वर्षांसाठी 115बीएए, म्हणजे कमी दराच्या कराचा पर्याय, निवडण्याआधी शिल्लक क्रेडिट मोजणे गरजेचे होते; 1961 च्या कायद्यात तो पर्याय घेतला की ते बुडत असे.