अप्रेझलमधला झोंबणारा परिच्छेद मवाळ करताना या चुका टाळा

मॅनेजरने रागात लिहिलेला परिच्छेद एचआरकडे येतो तो साधारण असा: “रिपोर्ट कधीच वेळेवर येत नाहीत. कामाचं अजिबात गांभीर्य नाही. चार वेळा सांगूनही आकडे तपासत नाहीत, मला रात्री बसून दुरुस्त करावे लागतात. असंच चाललं तर अवघड आहे.”

बहुतेक वेळा त्याचं असं होतं: “रिपोर्टची वेळ व अचूकता यांत सुधारणेला वाव आहे.” वाचणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. मग रेटिंग ५ पैकी २ दिसतं आणि तो विचारतो, “मग लिहिलंय काय?” त्याचा प्रश्न रास्तच असतो.

चूक अशी की विशेषणांबरोबर तक्रारही पुसली गेली. काढायचं ते फक्त माणसाच्या स्वभावावरचं मत, म्हणजे इथे ‘गांभीर्य नाही’. ‘कधीच’ आणि ‘अजिबात’ हे शब्दही काढा, कारण वेळेवर आलेला एक रिपोर्ट दाखवला की सगळा परिच्छेद खोटा ठरतो. पण त्यांच्या जागी ‘कधीकधी’ किंवा ‘थोडा’ घालू नका, आकडा घाला. तो आकडा अंदाजाने लिहू नका. मॅनेजरला विचारा: १२ पैकी किती रिपोर्ट उशिरा आले? चुका कोणत्या महिन्यांत झाल्या?

‘चार वेळा सांगूनही’ हे शब्द टोचतात म्हणून हमखास गाळले जातात. ते ठेवाच, आधी कल्पना दिली होती याची नोंद तेवढीच असते. शक्य असेल तर तारखाही जोडा.

सगळ्यात फसवं वाक्य शेवटचं. ‘अवघड आहे’ म्हणजे नेमकं काय, हे मॅनेजरलाच ठरवू द्या. आपण अर्थ लावला तर धमकी तरी वाढते नाहीतर इशारा नाहीसा होतो.

उत्तरं आल्यावर परिच्छेद असा होतो:

“या वर्षातल्या १२ मासिक रिपोर्टपैकी ५ रिपोर्ट ठरलेल्या तारखेनंतर आले. ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या रिपोर्टमध्ये बेरजा चुकल्या होत्या. त्या मला दुरुस्त कराव्या लागल्या. याबद्दल आपलं चार वेळा बोलणं झालं आहे. पुढच्या तिमाहीत तिन्ही रिपोर्ट वेळेवर आणि बेरजा तपासून यायला हवेत. तसं झालं नाही तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल.”

‘मला दुरुस्त कराव्या लागल्या’ हे तसंच राहू द्या. ‘दुरुस्ती करण्यात आली’ लिहिलं की भार कोणावर पडला ते कळत नाही. शेवटी कौतुकाची ओळ चिकटवायचा मोह आवरा. खरं कौतुक असेल तर त्याला वेगळा परिच्छेद द्या.

आता मूळ मजकूर न पाहिलेल्या, पण असे फॉर्म बघण्याचा अधिकार असलेल्या सहकाऱ्याला नाव झाकून हा परिच्छेद द्या आणि रेटिंग ओळखायला सांगा. तो ३ म्हणाला, तर टीका हरवली आहे. २ म्हणाला, तर मजकूर मॅनेजरकडे मंजुरीला पाठवा. खाली सही त्याची असणार आहे.