एका मुलीसाठी तीन स्थळं: गुण कसे तोलावेत आणि माणूस कसा पाहावा

लग्नाचं बघायला लागलं की दोन-तीन महिन्यांत घरात बायोडेटांची फाईल तयार होते. प्रत्येकावर कुणीतरी पेनाने आकडा लिहिलेला असतो: 28, 21, 33. मग नकळत फाईल त्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लागते आणि 33 वाल्याचा फोटो सर्वात वर येतो. इथेच गडबड होते. गुणमिलनाचा आकडा एका जोडीबद्दल काहीतरी सांगण्यासाठी आहे. पाच मुलांची गुणवत्ता यादी लावणं हे त्याचं काम नाही. ज्यांच्या घरी पत्रिका पाहतात पण डोळे मिटून निर्णय घ्यायचा नाही, अशांसाठी ही पद्धत लिहितो आहे.

आधी सगळ्या पत्रिका एका मापात आणा

स्थळाकडून छापील पत्रिका आली तरी जन्मतारीख, वेळ आणि गाव मागून घ्या आणि सगळ्या पत्रिका एकाच पंचांगाने किंवा एकाच ॲपवर पुन्हा मांडा. अयनांश, म्हणजे राशींची सुरुवात कुठून धरायची त्याचं माप, सगळीकडे एकच ठेवा. आपल्याकडे बहुतेक जण चित्रापक्ष, म्हणजे लाहिरी वापरतात. एकाचे गुण गावच्या गुरुजींनी काढलेले, दुसऱ्याचे ॲपने आणि तिसऱ्याचे व्यवहारातल्या नावावरून, असं असेल तर ते आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. वधू आणि वर यांच्या रकान्यांत अदलाबदल झाली तरी गुण बदलू शकतात, तेही तपासा.

वेळेपेक्षा जास्त चुका तारखेत होतात. आजी सांगते, ‘सोमवारी रात्री दोनला झाला.’ तिच्या हिशेबात सूर्य उगवेपर्यंत सोमवारच असतो, पण कॅलेंडरची तारीख मंगळवारची लागलेली असते. ॲपमध्ये सोमवारची तारीख गेली की चंद्र जवळजवळ एक नक्षत्र मागे जातो आणि सगळे गुण बदलतात. म्हणून मध्यरात्र ते पहाट या वेळेतला जन्म असेल तर वार आणि तारीख दोन्ही विचारा आणि जन्मदाखल्याशी ताडून पाहा.

वेळेत दहा-पंधरा मिनिटांची चूक असली तर गुणांना सहसा धक्का लागत नाही, कारण चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. जन्म नक्षत्र किंवा राशी बदलण्याच्या वेळेजवळचा असेल तेवढंच जपायचं. मंगळाचं मात्र तसं नाही. तो लग्नराशीपासून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून मोजतात आणि ती रास साधारण दोन तासांत बदलते. वेळ ‘पहाटे कधीतरी’ अशी असेल तर त्या मुलाला मंगळ आहे की नाही यावर वाद घालूच नका, त्या वादाला पायाच नाही.

आकडा उघडून पाहा

36 गुण आठ कूटांत वाटलेले आहेत: वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7 आणि नाडी 8. शेवटच्या चारांतच 26 गुण आहेत, त्यामुळे तुलना करताना लक्ष तिथे हवं. आणि हे सगळे 36 गुण फक्त दोन जन्मचंद्रांवरून निघतात, म्हणजे दोघांची राशी आणि नक्षत्र एवढ्यावरूनच. सप्तमस्थान, शुक्र, दशा यांचा त्यात काहीच हिशेब नाही. एकाच दिवशी, एकाच नक्षत्रावर आणि राशीवर जन्मलेल्या दोन अगदी वेगळ्या मुलांना तुमच्या मुलीशी सारखेच गुण मिळतील.

एक उदाहरण घेऊ. मुलीचं नक्षत्र रोहिणी, वृषभ रास, मनुष्य गण, अंत्य नाडी. तीन स्थळं आली आहेत.

पहिला मुलगा मृग नक्षत्राचा, त्याचीही रास वृषभ. नाडी मध्य, म्हणजे 8 पैकी 8. रास एकच, म्हणून राशिकूटाचे 7 आणि ग्रहमैत्रीचे 5. गण देव, त्याचे कोष्टकानुसार 5 किंवा 6. बाकीच्या चार कूटांचेही पूर्ण 10, म्हणजे एकूण 35 किंवा 36. याहून वरचा आकडा नाहीच.

दुसरा उत्तरा नक्षत्राचा, रास कन्या. नाडी आद्य, म्हणून 8. गण मनुष्य, दोघांचा एकच, म्हणून 6. शुक्र आणि बुध मित्र, म्हणून 5. पण वृषभेपासून कन्या पाचवी आणि कन्येपासून वृषभ नववी, म्हणजे नवपंचम, त्यामुळे राशिकूटाला शून्य. एकूण 24-25च्या घरात.

तिसरा श्रवण नक्षत्राचा, रास मकर. शुक्र-शनी मित्र, ग्रहमैत्री पूर्ण. गण देव. पण इथेही नवपंचम, आणि नाडीही अंत्य, म्हणजे एकनाडी. दोन मोठी शून्यं आल्यामुळे एकूण 18च्या आगेमागे.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला फरक नीट पाहा. राशिकूटाचं शून्य दोघांनाही आहे, पण राशींचे स्वामी परस्पर मित्र असले तर बरेच ज्योतिषी हा दोष धरत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या 25 मागे काळजीचं काही उरत नाही. तिसऱ्याच्या 18 मागे नाडी आहे. राशी एक पण नक्षत्रं वेगळी, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळे, असे एकनाडीचे अपवाद सांगितले जातात, पण रोहिणी-श्रवणाला त्यांतला कुठलाही लागू पडत नाही. म्हणजे 25 आणि 18 यांच्यातला फरक सात गुणांचा नाही. ‘आमच्या घराला एकनाडी चालते का?’ या एकाच प्रश्नाचा तो फरक आहे.

तो प्रश्न घरात आधी सोडवा, मुलगा बघायच्या आधी. आईवडील आणि मुलगी एकत्र बसा आणि नकार कशाकशाला द्यायचा ते कागदावर लिहा: 18 च्या खाली? एकनाडीला? मंगळाला? मंगळाबाबत एवढं ध्यानात ठेवा की तो 1, 4, 7, 8, 12 या स्थानांत असला तर मंगळ धरतात, म्हणजे बारापैकी पाच स्थानं. एवढ्या मुलामुलींना सरसकट बाजूला सारलं तर स्थळं उरणार किती, याचा विचार त्याच बैठकीत व्हायला हवा. जे ठरेल ते सगळ्या स्थळांना सारखं लावा. आवडलेल्या मुलाचा मंगळ ‘सौम्य’ आणि नावडत्याचा ‘कडक’, असं करायचं नाही. आणि पत्रिकेवरून नकार द्यायचा असेल तर तो कांदेपोह्यांच्या आधीच द्या. दोन भेटी झाल्यावर, मुलांचं मन गुंतल्यावर नाडी काढणं हा दोघांवरही अन्याय आहे.

नाडीला घाबरण्यामागे मूल धडधाकट असावं ही इच्छा असते. ती इच्छा खरी आहे, तर तिची खरी तपासणीही करा. दोघांनी थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी हिमोग्लोबिनचं नुसतं प्रमाण नव्हे तर प्रकार सांगणारी तपासणी करून घ्यावी. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, तिथे तर ती करावीच. दोघेही एकाच आजाराचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. नाडी जुळली म्हणून ती कमी होत नाही आणि जुळली नाही म्हणून वाढत नाही. रक्तगट सारखा असणं म्हणजेही एकनाडी नव्हे. हे दोन्ही सर्रास एक समजलं जातं.

दुसरा कागद

पत्रिकेच्या चाळणीतून जे उरले त्यांचे गुण आता मिटवून टाका. खरंच, बायोडेटावरचा आकडा खोडा. पुढच्या कागदावर त्याला जागा नाही, आणि स्वभावाला दहापैकी सात, पगाराला आठ असे गुण देऊन बेरीजही करायची नाही. चांगल्या पगाराने व्यसन भरून निघत नाही, पण बेरजेत ते भरून निघालेलं दिसतं.

या कागदावर मुलीने स्वतःच्या हाताने तीन-चारच गोष्टी लिहाव्यात, ज्यांच्याशिवाय तिचं चालणार नाही. समजा आपल्या उदाहरणातली मुलगी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःचा दवाखाना चालवते आणि आईवडिलांची एकुलती एक आहे. तिचा कागद असा असेल: दवाखाना बंद होणार नाही. आईवडिलांच्या आजारपणात मी असेन आणि त्यावरून घरात बोलणं होणार नाही. पैशांचे निर्णय दोघं मिळून घेऊ. दारू नको.

यांतली एकही गोष्ट थेट ‘चालेल का?’ असं विचारून कळत नाही. पहिल्या भेटीत सगळे ‘हो, अगदी!’ म्हणतात. घडलेलं विचारा. ‘गेल्या वर्षी तुमच्या घरात मोठा खर्च कोणता झाला आणि तो कुणी ठरवला?’ ‘तुमच्या वहिनी नोकरी करतात ना, बाळ झाल्यावर कसं जमवलं?’ ‘कर्ज किती आहे, हप्ता किती जातो?’ उत्तरात माणसं, रक्कम, तारखा येतात की नुसतं ‘आमच्याकडे सगळे समजूतदार आहेत’ एवढंच येतं, ते पाहा. मग तीच गोष्ट मध्यस्थ सोडून दुसऱ्या कुणाकडून तरी कळते का बघा: शेजार, कामाची जागा, जुना वर्गमित्र.

आता पहिला मुलगा, 35 गुणांचा, बेंगळुरूला नोकरी करतो. ‘तिकडेही दवाखाना काढता येईल’ असं तो मनापासून म्हणतो. पण पेशंट, ओळख, डॉक्टरांकडून येणाऱ्या चिठ्ठ्या हे सगळं शून्यातून उभं करायला लागेल आणि आईवडील रात्रभराच्या प्रवासावर राहतील. म्हणजे चार ओळींपैकी पहिल्या दोन अडतात. दुसरा सांगलीला प्राध्यापक आहे. कोल्हापूर-सांगली जवळपास पन्नास किलोमीटर. दवाखाना चालू ठेवायचा तर रोजची ये-जा आहे, आणि ती पावसाळ्यात, गरोदरपणात, पेशंट संध्याकाळी जास्त असताना कशी जमेल हे दोघांनी मिळून बोलायचं आहे. तो त्या बोलण्यात स्वतःहून ‘मधे कुठेतरी घर घेऊ’ असं काही सुचवतो की ‘बघू नंतर’ म्हणतो, त्यावरून माझ्या मते बरंच काही ठरतं. तिसरा कोल्हापूरचाच. घराने एकनाडी चालणार नाही असं ठरवलं असेल तर तो इथवर येतच नाही. चालते असं ठरवलं असेल तर त्याच्या 18 गुणांचा आता कुणी उल्लेखही करायचा नाही, रक्ततपासणी करायची आणि त्याला बाकीच्यांसारखेच चार प्रश्न विचारायचे.

दोन स्थळं खरोखर तुल्यबळ राहिली तरच पत्रिकेकडे परत जा. तेव्हाही बेरीज पाहू नका. जाणत्या ज्योतिषाकडून दोघांचं सप्तमस्थान आणि पुढच्या काही वर्षांच्या दशा बघून घ्या. त्याला ‘कोण चांगला?’ असं विचारू नका, ‘कुठे सांभाळून राहावं लागेल?’ असं विचारा.

निर्णय झाला की उरलेल्यांना दोन दिवसांत कळवा. कारण स्वभावाचं किंवा गावाचं असेल तर ‘पत्रिका जुळत नाही’ ही सोयीची थाप मारू नका. ती मध्यस्थाकडून पुढे जाते आणि त्या मुलाच्या पत्रिकेतच काहीतरी आहे अशी चर्चा सुरू होते. ‘योग दिसत नाही, तुम्ही पुढे बघावं’ एवढं पुरतं. फोटो आणि जन्मतपशील फोनमधून काढून टाका.