रॉक बासचा टोन: तारा बदलायच्या आधी हात बघा, या चुका टाळा

मी केलेला घोळ आधी सांगतो, कारण बहुतेक जण तोच करतात. बँडमध्ये दोन गिटार, जोरात वाजवणारा ड्रमर, आणि माझा बास प्रिसिजन टाइपचा, त्यावर नवीकोरी राउंडवाउंड, हातात पातळ पिक. रेकॉर्डिंग ऐकलं तर बास कुठेच नाही, फक्त टिकटिक टिकटिक, कोणीतरी टेबलावर नखं आपटतंय असं. मला वाटलं तारा फार चमकतायत, म्हणून फ्लॅटवाउंड टाकल्या आणि पिकही सोडलं, बोटांनी वाजवायला लागलो, तेही नेकच्या टोकाजवळ कारण तिथे आवाज गोड लागतो. पुढच्या प्रॅक्टिसला टिकटिक गेली आणि बासही गेला. नुसती गुरगुर, कुठला नोट वाजतोय ते मलाच कळेना.

इथे पहिली चूक म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या. तार आणि हात वेगवेगळी कामं करतात. राउंडवाउंडवर गोल वायर गुंडाळलेली असते, त्यामुळे वरचे हार्मोनिक भरपूर आणि ते बराच वेळ टिकतात, आणि बोट सरकलं की करकर येते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते, तार गुळगुळीत, वरचे हार्मोनिक कमी आणि पटकन विझतात, म्हणून तो 'धप्प' आवाज. म्हणजे नोटच्या पोटात काय आहे ते तार ठरवते. नोटची सुरुवात कशी होणार ते हात ठरवतो. पिक कडक आणि टोकदार, तार एका बारीक जागी उचलून झटकन सोडतं, बोट मऊ आणि रुंद, हळू सोडतं. माझी टिकटिक नोटच्या सुरुवातीला होती, म्हणजे हाताची होती, आणि मी औषध तारेला दिलं.

ओळखायचं कसं? अँप बाजूला ठेवा, बास थेट इंटरफेसमध्ये, टोन नॉब पूर्ण उघडा, आणि एकच लाइन चार बार पिकने, चार बार बोटांनी वाजवा. नंतर दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या, हे महत्त्वाचं आहे, कारण पिक जोरात लागतं आणि जोरात असलेलं नेहमी चांगलंच वाटतं. मग गिटार आणि ड्रमसोबत ऐका, एकट्याने नको. त्रास फक्त नोट सुरू होताना असेल आणि बोटांवर गेल्यावर कमी होत असेल तर हात. दोन्हीत झणझण मागे रेंगाळत राहिली तर तारा.

आता हाताचं म्हटलं तर पिकच सोडा असं नाही हं. माझं पिक पातळ होतं, आणि जाड तारेवर पातळ पिक वाकतं, स्वतःच फटकन आवाज करतं आणि तारेला धक्का कमी देतं, त्यामुळे टिकटिक जास्त आणि नोट कमी असा उलटा हिशोब. एक मिलिमीटरच्या आसपासचं किंवा त्याहून जाड, गोल टोकाचं पिक घेतलं आणि अर्धा प्रॉब्लेम तिथेच संपला. दुसरं, मी पिक तिरकं धरत होतो. राउंडवाउंडवर तिरकं पिक म्हणजे करवत, गुंडाळीवर घासत जातं. सपाट धरलं की घासणं कमी होतं. फ्लॅटवर घासायला खाचाच नाहीत, तिथे हे जवळजवळ जाणवत नाही.

जागेचं पण तेवढंच. ब्रिजजवळ वाजवलं की खालचा भाग कमी होतो आणि आवाज आवळलेला, स्पष्ट येतो, नेकजवळ वाजवलं की फुगलेला. फ्लॅट, बोटं आणि नेकचं टोक म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ढकलणाऱ्या, दोन गिटारच्या खाली ते बुडणारच.

मग मी केली आणखी एक चूक, बुडालेल्या बासला अँपवर ट्रेबल वाढवून बाहेर काढायचा प्रयत्न. फ्लॅटमध्ये मुळात वर फारसं काही नसतं, त्यामुळे नोट काही वर येत नाही, मिळते ती सूंऽऽ अशी हिस. नोट कळायला लागते ती मिडमध्ये, ७०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या आसपास, तिथे थोडं वाढवा आणि हात पिकअपच्या वर आणा. किंवा थोडा ओव्हरड्राइव्ह, कारण तो नवीन हार्मोनिक तयार करतो, ट्रेबल नॉब फक्त असलेलेच वाढवतो.

'फ्लॅट म्हणजे जॅझ, रॉकमध्ये चालत नाहीत' हे मी पण म्हणायचो. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वापरतो आणि बोटांनी वाजवतो, आणि तो आवाज किती कडकडीत आहे ते सगळ्यांना माहितीये, कारण बोटं एवढ्या जोरात पडतात की तार फ्रेटवर आपटते. येस बँडचा क्रिस स्क्वायर दुसऱ्या टोकाला, राउंडवाउंड आणि पिक. मधलं कॉम्बिनेशन, म्हणजे फ्लॅट आणि पिक, लोक ट्रायच करत नाहीत, आणि साठच्या दशकातल्या कित्येक रेकॉर्डिंगमधला बास नेमका तोच आहे. कॅरल के पिकनेच वाजवायची, तारांवर फेल्ट ठेवून. सुरुवात स्पष्ट, शेपूट छोटी, त्यामुळे किक ड्रमला जागा मिळते.

शेवटी मी तिथेच थांबलो. फ्लॅट ठेवल्या, जाड पिक, पिकअपच्या वर हात, ब्रिजवर तळव्याची कड हलकी टेकवलेली, टोन नॉब पूर्ण उघडा. पहिल्या बारपासून नोट कळत होते. पण ज्यांना लांब खेचलेले नोट हवेत किंवा गिटार शांत असताना बासने जागा भरायचीय, त्यांनी हे करू नका, राउंड ठेवा आणि बोटांवर या, फ्लॅटला ती शेपूट नाहीच.

फ्लॅट टाकताना दोन गोष्टी सांभाळा. बऱ्याच फ्लॅट त्याच जाडीच्या राउंडपेक्षा जास्त ताणाच्या असतात (सगळ्या नाहीत, कमी ताणाच्या पण मिळतात), त्यामुळे नेक पुढे वाकतो, ॲक्शन वर जाते, आणि माणूस तारांना शिव्या घालतो. तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिमी फट असली की ठीक, जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवू नका, आणि त्यानंतर इंटोनेशन पुन्हा लावा. आणि जास्तीची तार कापायच्या आधी ती काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर आतल्या कोअरवरची गुंडाळी सुटू शकते आणि नवी तार मेल्यासारखी वाजते, माझी E अशीच गेली.

आणि नव्या फ्लॅटवर पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका. सुरुवातीला त्या बऱ्याच चमकतात, काही आठवडे वाजवल्यावर खऱ्या बसतात. राउंडचं उलटं, त्या पहिल्या दिवशी सगळ्यात भारी आणि नंतर उतरत जातात, तेव्हा महिनाभर घामाने भिजलेल्या राउंडची नव्या फ्लॅटशी तुलना केलीत तर दोन्हींबद्दल चुकीचं मत होणार.